विरामचिन्हं काढलीत, मग वाचकाने थांबायचं कुठे?

प्रश्न: मी काही वर्षं मुक्तछंदात लिहितोय. हल्ली एकही विरामचिन्ह वापरत नाही, कारण वाचतो त्या बहुतेक नव्या कविता तशाच असतात. आमच्या कोथरूडच्या वाचनगटात एक जण म्हणाला, "अर्थ लागत नाही." दुसरी म्हणाली, "हेच तर आधुनिक आहे." इंग्रजीत काही कवी सगळं स्मॉल लेटर्समध्ये लिहितात, 'i' सुद्धा. आपल्याकडे कॅपिटल अक्षरंच नाहीत. मग मराठीत अशी निवड करता येते का? आणि ती निवड आहे की नुसता आळस, हे कसं ओळखायचं? कविता देतोय:

खडकवासल्याचं पाणी सोडलं
भिडे पूल बुडाला
सकाळपासून बाबा
खिडकीत बसून आहेत
आई गेल्यापासून
कुणी विचारलं नाही
जेवलात
ते म्हणाले पाणी उतरेल
उद्या जाऊ
कुठे ते बोलले नाहीत

उत्तर:

तुमच्या कवितेत चिन्ह एकही नाही, पण त्याचा परिणाम सगळीकडे सारखा झालेला नाही. बऱ्याच ओळींत पूर्णविराम दिला असता तरी काही वाढलं नसतं आणि न दिल्याने काही बिघडलेलं नाही. एका जागी तो नसल्याचा कवितेला फायदा झालाय, तोही अर्धाच. आणि शेवटच्या ओळीत वाचक अडखळतो, तेही नेमकं नको तिथे. म्हणजे चिन्हं असावीत की नसावीत हा प्रश्न अख्ख्या कवितेला एकदम विचारून उपयोग नाही. तो एकेका जोडाला विचारायचा असतो: इथे एक वाक्य संपतं आणि दुसरं सुरू होतं, हे वाचकाला कशावरून कळणार?

मी पुण्यातल्या एका छोट्या नियतकालिकासाठी बरीच वर्षं कविता वाचते, निवडते, कधी कवीबरोबर बसून ओळी हलवते. जे सांगतेय ते त्या टेबलावरून. दीर्घकविता, गद्यकविता किंवा फक्त मंचावर म्हणायची कविता असेल तर यातलं काही बदलेल. तुमची कविता छोटी आणि शांत आहे, डोळ्यांनी वाचायची आहे. तिच्यापुरतं बोलते.

आधी एक गोष्ट मराठीची. आपलं क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं. "सोडलं", "बुडाला", "आहेत" हे शब्द वाचले की वाक्य संपल्याचं कानाला कळतं, पूर्णविराम दिसो वा न दिसो. इंग्रजीत क्रियापद मध्येच येऊन जातं आणि त्याच्यापुढे वाक्य कितीही लांबू शकतं. म्हणून तिथे पूर्णविराम काढला की सगळी इमारत हलते, आणि मराठीत ती बऱ्याचदा उभी राहते. तुमच्या पहिल्या दोन ओळी पाहा. तिथे चिन्ह नसल्याचं कुणाच्या लक्षातही येणार नाही. ओळ मोडली आणि क्रियापद आलं, या दोन गोष्टींनी पूर्णविरामाचं काम केलं.

अडचण येते ती क्रियापदाच्या पुढच्या जागेत. एक क्रियापद संपलं, मग "आई गेल्यापासून" किंवा "उद्या" असा एखादा तुकडा आला, मग दुसरं क्रियापद आलं. आता तो मधला तुकडा वरच्या क्रियापदाचा की खालच्या? गद्यात हे पूर्णविराम ठरवतो. तो काढला की तुकडा दोन्हीकडे लोंबकळतो. माझ्या अनुभवात चिन्हांविना लिहिलेल्या मराठी कवितेतली बरीचशी ताकद आणि बराचसा घोळ याच जागी असतो.

आता तुमची कविता घेऊ. अशा वेळी मी आधी सगळी कविता शाळेच्या वहीत लिहावी तशी चिन्हांसकट लिहून काढायला सांगते:

खडकवासल्याचं पाणी सोडलं. भिडे पूल बुडाला. सकाळपासून बाबा खिडकीत बसून आहेत. आई गेल्यापासून कुणी विचारलं नाही, "जेवलात?" ते म्हणाले, "पाणी उतरेल. उद्या जाऊ." कुठे, ते बोलले नाहीत.

यातून एकेक चिन्ह काढायचं आणि काय बदललं ते पाहायचं. पहिले दोन पूर्णविराम काढले, काहीच बदललं नाही. ते काढायला हरकत नाही. तिसरा, "आहेत"नंतरचा, काढला की मात्र गंमत होते. "बाबा खिडकीत बसून आहेत आई गेल्यापासून" असंही वाचता येतं आणि "आई गेल्यापासून कुणी विचारलं नाही" असंही. पहिल्या वाचनात बाबांचं बसून राहणं हेच दुःख आहे. दुसऱ्यात घरातल्या इतरांचं न विचारणं हे दुःख आहे, आणि त्या इतरांत कवितेचा बोलणाराही आला. दोन्ही अर्थ एकमेकांना मारत नाहीत, उलट दोन्ही मिळून कविता होते. असा दुहेरी जोड पूर्णविराम देऊन बंद करणं नुकसानीचं. इथे तुमचं चिन्ह न देणं ही निवड आहे, मग ती लिहिताना तुमच्या ध्यानात असो वा नसो.

पण मघाशी म्हटलं तसा फायदा अर्धाच झालाय, कारण वर "सकाळपासून" बसलंय. "सकाळपासून बाबा खिडकीत बसून आहेत आई गेल्यापासून" असं वाचताना एकाच बसण्याला दोन "पासून" लागतात. वाचक ते जुळवायला बघतो आणि त्याच्या मनात येतं, म्हणजे आई आज सकाळीच गेली का? "गेली"चा अर्थ वारली असाही होतो आणि बाहेर गेली असाही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. सकाळी वारली असेल तर घरात पूल आणि पाण्याच्या गप्पा कशा? हा तिसरा अर्थ तुम्हाला नको होता. तो आला की वाचक वरचा जोड सोडून देतो, खालच्याशीच चिकटतो, आणि तुमचा दुहेरी अर्थ फुकट जातो.

म्हणजे दोष चिन्ह नसण्यात नाही, एका शब्दाच्या जागेत आहे. "सकाळपासून" पाण्याला द्या, बाबांकडे ठेवू नका: "खडकवासल्यातून सकाळपासून पाणी सोडलंय". आता बाबांच्या बसण्याला एकच "पासून" उरलं आणि जोड दोन्ही बाजूंना मोकळा झाला. चिन्हं काढणाऱ्या कवीला शब्दक्रमाची काळजी चिन्हं वापरणाऱ्यापेक्षा जास्त घ्यावी लागते, ती अशी.

हा शब्द हलवताना एक सापळा आहे. "सकाळपासून" निघून गेला आणि तुम्ही "बाबा" एकटा ओळीवर ठेवलात, तर असं होईल:

भिडे पूल बुडाला
बाबा
खिडकीत बसून आहेत

आता "भिडे पूल बुडाला, बाबा" अशी हाक ऐकू येते. कुणीतरी बाबांना बातमी देतंय. किंवा नुसता सुस्कारा, "बुडाला बाबा एकदाचा!" पुण्यातला वाचक तर हसेलसुद्धा, कारण पुलाचं पूर्ण नावच बाबा भिडे पूल आहे. मराठीत हाक मारलेलं नाव आणि कर्ता असलेलं नाव बऱ्याचदा सारखंच दिसतं. "आई", "बाबा", "ताई" यांना संबोधनात वेगळं रूप नाही. गद्यात हा फरक स्वल्पविराम दाखवतो. तो नसेल तर नात्याचा शब्द एकटा ओळीवर ठेवताना दहादा विचार करावा. "बाबा खिडकीत बसून आहेत" ही एकच ओळ करा, आणि वर एक रिकामी ओळ सोडा. हाक संपली.

रिकाम्या ओळीचा उल्लेख आलाच आहे तर "जेवलात" पाहू. तिथलं प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह काढून तुम्ही काही गमावलं नाहीत. वर "विचारलं" आहे म्हणून प्रश्न आहे हे कळतं, आणि "जेवलात" हे रूपच समोरच्याशी बोलतानाचं आहे, म्हणून ते कुणाच्या तरी तोंडचं आहे हेही कळतं. क्रियापदाला पुरुष आणि आदर दोन्ही चिकटलेले असतात, त्यामुळे संवादाच्या अवतरणचिन्हांचं अर्धं काम मराठीत व्याकरणच करून टाकतं. पण पुढची ओळ "ते म्हणाले" अशी सुरू होते. एका दमात वाचलं तर "'जेवलात?' ते म्हणाले" असं होतं, म्हणजे बाबाच विचारताहेत! इथे प्रश्नचिन्ह परत ठेवूनही उपयोग नाही, कारण प्रश्न कुणाचा हे ते सांगत नाही. इथे रिकामी ओळच हवी. मुक्तछंदात ती सगळ्यात मोठं विरामचिन्ह असते, आणि तुम्ही ती एकदाही वापरली नव्हतीत.

शेवटची ओळ ही या कवितेतली खरी चूक. "कुठे ते बोलले नाहीत." तुमच्या मनात "कुठे जाऊ, हे ते बोलले नाहीत" असं आहे. वाचकाला मात्र "कुठे ते" एकत्र ऐकू येतं, जसं "कुठे ते माहीत नाही" म्हणतो तसं, आणि मग "बोलले"ला कर्ता सापडत नाही म्हणून तो मागे येतो. किंवा "ते कुठे बोलले नाहीत, सगळीकडेच तर बोलले" असा उलटा अर्थ डोकावतो. वरचा "आई गेल्यापासून"चा जोड आणि हा जोड यांत फरक काय? तिथे वाचक पुढे जातो आणि मग त्याला दुसरा अर्थ सुचतो. इथे तो आधी थांबतो, मागे वळतो, दुरुस्ती करतो, आणि दुरुस्तीनंतर हाती एकच अर्थ राहतो. म्हणजे त्याचे कष्ट वाया गेले. तुमच्या गटातल्या ज्यांना अर्थ लागला नाही, ते बहुधा इथेच अडकले असतील. त्यांना विचारा.

इथे स्वल्पविराम देता येईल. पण नऊ ओळींत एकही चिन्ह नसताना दहाव्यात एक स्वल्पविराम आला तर तो विसरून राहिल्यासारखा दिसेल. त्यापेक्षा ओळ मोडा:

कुठे
ते बोलले नाहीत

आता "कुठे" हा मुलाचा प्रश्न झाला. मोठ्याने विचारला की मनात, हे उघडं राहिलं, आणि "ते बोलले नाहीत" हे त्याचं उत्तर झालं. तुम्ही लिहिलेल्यापेक्षा हे वेगळं आहे, कारण पूर्वी मुलगा फक्त माहिती देत होता. तुम्हाला तसंच ठेवायचं असेल तर "कुठे हे सांगितलं नाही" असं साधं करा. मला स्वतःला मोडलेली ओळ आवडली, पण ही तुमची कविता आहे.

राहिले "पाणी उतरेल" आणि "उद्या जाऊ". इथे "उद्या" दोन्हीकडे जाऊ शकला असता, पण ओळीच्या सुरुवातीला बसल्यामुळे तो खालच्या क्रियापदाचा झाला. हे चांगलं. माझी सूचना जरा वेगळी आहे. संपूर्ण कवितेत फक्त बाबांच्या बोलण्याला पूर्णविराम द्या. हे बाबा मोजून बोलणारे आहेत, प्रत्येक वाक्यानंतर विषय संपवणारे. बाकी सगळी कविता चिन्हांविना वाहते आणि फक्त त्यांचा आवाज बंद दारांनी येतो. अवतरणचिन्हं न देता त्यांचं बोलणं वेगळं पडतं, आणि चिन्ह हे स्वभावचित्रण होतं. असं मिळून हे दिसेल:

खडकवासल्यातून सकाळपासून पाणी सोडलंय
भिडे पूल बुडाला

बाबा खिडकीत बसून आहेत
आई गेल्यापासून
कुणी विचारलं नाही
जेवलात

ते म्हणाले
पाणी उतरेल. उद्या जाऊ.
कुठे
ते बोलले नाहीत

एक धोका सांगून ठेवते. चिन्हविरहित कवितेत आलेलं पहिलं चिन्ह फार मोठ्याने वाजतं. दोन पूर्णविरामांनी बाबांचा आवाज घडतो, पण त्याच जोमात तुम्ही "बुडाला"नंतरही एक देऊन टाकलात तर सगळी पद्धत कोसळते, कारण वाचकाने पहिल्या काही ओळींत जो नियम शिकलेला असतो तो तुम्हीच मोडलेला असतो. नियम कोणताही चालेल. तो वाचकाला कवितेतूनच शिकता आला पाहिजे, एवढंच.

आता कॅपिटल अक्षरांकडे. इंग्रजीत ती तीन कामं करतात: वाक्याची सुरुवात दाखवतात, विशेषनाम दाखवतात, आणि जुन्या पद्धतीत प्रत्येक ओळीची सुरुवात मोठी करतात. त्यामुळे तिथल्या कवीला एक मधली वाट मिळते. तो पूर्णविराम काढून टाकतो, पण नव्या वाक्याचं पहिलं अक्षर मोठं ठेवतो, आणि वाचकाला जोड दिसत राहतो. आपल्याला ही वाट नाही. आपण पूर्णविराम काढला की वाक्याच्या सुरुवातीची खूणही नसतेच. म्हणून इंग्रजी कवितेकडे बघून "तेही काढतात, आपणही काढू" असं म्हणताना हिशेब चुकतो.

विशेषनामाचं उलट आहे. "आशा घर सोडून गेली" या ओळीत आशा ही बाई आहे की उमेद, हे देवनागरी सांगत नाही. इंग्रजीत कवीला असा संदिग्धपणा मुद्दाम घडवावा लागतो. आपल्याला तो आयता मिळतो आणि नको असेल तेव्हा निस्तरावा लागतो, कधी नुसतं "आशाताई" करून. सागर, कविता, भारती, अशी नावं कवितेत आणणाऱ्यांनी याकडे लक्ष ठेवावं.

आणि लहान 'i'. इंग्रजीत "मी"साठीचं अक्षर वाक्यात कुठेही आलं तरी मोठंच लिहायचं असा नियम आहे. ई. ई. कमिंग्जसारखा कवी ते लहान लिहितो तेव्हा बोलणाऱ्याचा मीपणा पानावर दिसेल इतका खाली येतो. मराठीत "मी" कधीच मोठा नव्हता, त्यामुळे लहान करायला काही नाही. पण आपण त्याहून पुढे जाऊ शकतो: "मी" गाळूनच टाकू शकतो. "खिडकीत उभा होतो" यात बोलणारा आहे, पुरुष आहे, एकटा आहे, आणि तरी "मी" कुठे नाही. इंग्रजी वाक्यातून कर्ता असा सहजासहजी काढता येत नाही. तुमच्या कवितेत "मी" एकदाही आलेला नाही, आणि त्यातच तिचा बराचसा संकोच साठलेला आहे. इंग्रजी कवींच्या लहान अक्षरात जे तुम्हाला आवडलं ते तुमच्या कवितेत आधीच आहे.

मात्र बाईच्या तोंडी हे वेगळं पडतं. "सकाळी लवकर गेले" म्हटलं की मी गेले की ते गेले हे कळत नाही, कारण स्त्रीचं "मी गेले" आणि आदरार्थी "ते गेले" एकाच रूपात येतात. बाबांवरची कविता मुलगी लिहीत असेल तर "मी" गाळताना तिला प्रत्येक ओळीत हे तपासावं लागेल. कधी हा घोळच हवा असतो, बाप आणि मुलगी एकमेकांत मिसळावेत म्हणून. नको असेल तर एक "मी" तरी लवकर, पहिल्या चार ओळींत, ठेवून द्यावा.

तुमच्या मैत्रिणीच्या "आधुनिक" या शब्दाबद्दल. फ्रेंच कवी अपोलिनेरने १९१३ साली आलेल्या आपल्या संग्रहाच्या प्रुफांतून सगळी विरामचिन्हं काढून टाकली. त्याचं म्हणणं असं की लय आणि ओळीचा छेद हेच खरं विरामचिन्ह. युरोपात ते बंड होतं, कारण तिथे चिन्हं रुजलेली होती. मराठीची गोष्ट निराळी. मोडी लिपीत ओळीभर आधी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायचं, अशी रीत होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, शब्दांमध्ये जागासुद्धा नाही. पेशवे दफ्तरातला कुठलाही कागद उघडून पाहा. ओव्या-अभंगांत दंड असतात, पण ते चरण कुठे संपतो ते दाखवतात, वाक्य कुठे संपतं ते नव्हे. ज्ञानेश्वरीत वाक्य एका ओवीतून दुसरीत निघून जातं आणि दंड आपल्या जागी उभाच असतो. आज आपण वापरतो ती चिन्हं छापखान्याबरोबर, इंग्रजीवरून आली. मेजर टॉमस कँडी यांनी १८५० मध्ये मराठीसाठी त्यांची परिभाषा लिहून छापली. तेव्हा चिन्हांविना लिहिणं आपल्याकडे जुनंच आहे. जुन्या कवितेत मात्र वाचकाला थांबवायला छंद होता, यमक होतं, दंड होता. मुक्तछंदात ते तिन्ही गेले आणि सगळा भार ओळीच्या छेदावर आला. त्यामुळे ओळ कुठे मोडता हे न पाहता चिन्हं काढली, तर वाचकाच्या हातात काहीच उरत नाही. यालाच मी आळस म्हणेन.

निवड की आळस हे तपासायची माझी रीत साधी आहे. कविता कागदावर छापून, ती कधी न पाहिलेल्या माणसाला पहिल्याच वाचनात मोठ्याने वाचायला सांगायची. आपण दुसरी प्रत घेऊन बसायचं आणि तो जिथे थांबेल तिथे तिरकी रेघ मारायची. जिथे तो मागे जाऊन पुन्हा वाचतो तिथे गोल करायचा. मग दुसऱ्या माणसाकडून तेच. रेघा वेगवेगळ्या जागी पडल्या, पण दोघंही न अडखळता पुढे गेले, तर तो चांगला दुहेरी जोड. दोघांच्याही प्रतीवर एकाच जागी गोल आला, तर तिथे शब्द हलवा, ओळ मोडा, नाहीतर चिन्ह द्या. याच क्रमाने. चिन्ह शेवटी ठेवते, कारण एक दिलं की बाकीच्यांचा हिशेब द्यावा लागतो. तुम्ही स्वतः वाचून हे कळणार नाही, तुम्हाला अर्थ आधीच ठाऊक आहे. कवितेवर प्रेम करणाऱ्या मित्रांचाही फारसा उपयोग नाही, ते समजून घेतात.

टिंबांबद्दल दोन शब्द, तुम्ही विचारलं नसलंत तरी. पूर्णविराम सोडलेले अनेक जण त्याच्या जागी दोन किंवा तीन टिंबं घालतात: "आई गेल्यापासून..". त्यांना वाटतं त्याने हुरहूर येते. त्याने फक्त एवढंच कळतं की कवीला तिथे काहीतरी वाटलं होतं. जोड उघडा ठेवल्याने जे मिळतं ते टिंबं बुजवून टाकतात, कारण ती वाचकाला थांबायला लावतात पण कशासाठी ते सांगत नाहीत. प्रश्नचिन्हाची गोष्ट वेगळी. "तो आला" आणि "तो आला?" यांतला फरक मराठीत नुसत्या सुरावर आहे आणि सूर छापता येत नाही. अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह काढायचं असेल तर "का" किंवा "ना" आणा, "तो आला ना". जमत नसेल तर कवितेत प्रश्नचिन्ह हे एकच चिन्ह राहू द्या. हाही वाचकाला सहज कळणारा नियम आहे.

शेवटी, छापायला देताना. तुमचा नियम प्रुफं तपासणाऱ्याला माहीत नसतो आणि चिन्हं भरणं हे त्याचं काम असतं. एमिली डिकिन्सनच्या कविता तिच्या मृत्यूनंतर १८९० मध्ये पहिल्यांदा पुस्तकरूपाने आल्या, तेव्हा संपादकांनी तिचे डॅश आणि अधेमधे मोठी केलेली अक्षरं चारचौघांसारखी करून टाकली. ती मूळच्यासारखी छापली जायला १९५५ ची आवृत्ती यावी लागली. दिवाळी अंकात तेवढी वाट पाहायची गरज नाही, मेलमध्ये एक ओळ लिहा: "कवितेत विरामचिन्हं मुद्दाम नाहीत, 'पाणी उतरेल. उद्या जाऊ.' या ओळीतले दोन पूर्णविराम मुद्दाम आहेत. दोन रिकाम्या ओळी राखाव्यात." मजकुराबरोबर पीडीएफ जोडा, म्हणजे ओळी कुठे मोडल्या आहेत ते दिसेल. अंकाचा स्तंभ अरुंद असेल तर तुमची पहिली ओळ, "खडकवासल्यातून सकाळपासून पाणी सोडलंय", मोडून दोन होईल आणि चिन्हांविना कवितेत ती मोड तुम्हीच केली असं वाटेल. फोनच्या पडद्यावरही तेच. म्हणून ती ओळ पाठवण्याआधी स्वतःच ठरवून मोडा, "सकाळपासून"च्या आधी. आणि फोनवर टाइप करत असाल तर कीबोर्डची एक सेटिंग बंद करा: दोनदा स्पेस दाबली की आपोआप पूर्णविराम टाकणारी.